मनगटावरून ठरलेलं वय

डिसेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अधिकाऱ्यांनी समुद्रात एक लाकडी बोट पकडली. बोटीत अफगाणिस्तानातून आश्रय मागायला निघालेले पंचावन्न जण होते. बोट चालवणारी माणसं मात्र इंडोनेशियाची होती, पूर्वेकडच्या बेटांवरची गरीब कोळी कुटुंबांतली. त्यांच्यातला एक पोरगा आपण अजून लहान आहोत असं सांगत होता. सोबत आई-बाप नव्हते, कागद नव्हता. दलाल अशा पोरांना चार पैशांचं आमिष दाखवून बोटीवर चढवतात आणि बोट नेमकी कुठे जाणार आहे हे अनेकदा सांगतही नाहीत.

पोरगा खरोखर लहान ठरला असता, तर सरकारच्या तेव्हाच्या धोरणानुसार त्याची रवानगी बहुधा थेट घरी झाली असती. तो अठरा पूर्ण ठरला, तर मानवी तस्करीच्या कायद्याखाली किमान पाच वर्षांची कैद ठरलेली होती आणि न्यायाधीशाला ती कमी करायची मुभा नव्हती. म्हणजे सगळा खटला एका आकड्यावर येऊन थांबला. तो आकडा काढण्यासाठी अधिकाऱ्यांनी त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढला.

मनगट का, हे समजून घ्यायला हवं. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ चकती असते. हाड लांब होतं ते या चकतीपाशी. एक्स-रेवर कूर्चा दिसत नाही, म्हणून हाडाचा दांडा आणि त्याचं टोक यांच्यामध्ये काळी फट दिसते. वाढ संपत आली की फट अरुंद होते, शेवटी बुजते आणि हाड सलग दिसू लागतं. हाताच्या पंजात आणि मनगटात अशी बरीच हाडं एकाच फोटोत येतात, किरणांचा डोसही नगण्य असतो. म्हणून लहान मुलांची वाढ खुंटली आहे का, संप्रेरकांचा काही घोटाळा आहे का, हे पाहायला डॉक्टर हाच फोटो मागवतात.

त्या फोटोची तुलना करायला एक प्रसिद्ध चित्रसंग्रह आहे, ग्रॉयलिख आणि पाइल या दोन अमेरिकी अभ्यासकांचा. पहिली आवृत्ती १९५० ची, दुसरी १९५९ ची. त्यातले फोटो १९३० च्या दशकात आणि १९४० च्या सुरुवातीला ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातल्या मुलांचे घेतले होते. ही मुलं गोरी, खात्यापित्या घरची आणि ठणठणीत होती. प्रत्येक वयासाठी एक नमुना-फोटो आहे. डॉक्टर आपल्यापुढचा फोटो त्यांच्याशी ताडून बघतो आणि जो सर्वांत जवळचा वाटेल त्याचं वय लिहितो. मुलग्यांसाठी शेवटचा नमुना एकोणीस वर्षांचा आहे. त्यात सगळ्या फटी बुजलेल्या आहेत.

हा संग्रह तयार झाला तो उलट्या कामासाठी. मुलाचं खरं वय डॉक्टरला ठाऊक असतं, प्रश्न असतो तो हाडं त्या मानाने पुढे आहेत की मागे. सरहद्दीवर आणि कोर्टात हाच संग्रह वय माहीत नसताना वय काढायला वापरला गेला. इथे नुसती अचूकता कमी झाली नाही, तर तर्कच चुकला. कसा, ते जरा सावकाश पाहू.

सरकारी बाजूने मांडलेलं गणित साधारण असं होतं. या पोराच्या फटी बुजल्या आहेत, म्हणजे त्याचा फोटो एकोणीसच्या नमुन्याशी जुळतो. एकोणीस ही सरासरी धरू. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूला माणसं किती पसरलेली असतात त्याचं माप, सुमारे पंधरा महिने धरू. अठरा हे वय एकोणीसपेक्षा बारा महिन्यांनी कमी. तेव्हा पोरगा अठराच्या आत असण्याची शक्यता शेकडा वीस-बावीस येते. उरलेले अठ्ठ्याहत्तर-ऐंशी टक्के तो प्रौढ आहे. ज्याच्या शिक्षेचा प्रश्न आहे त्याच्या बाबतीत वीस टक्के शंका हीसुद्धा लहान नव्हे, पण ते क्षणभर बाजूला ठेवू.

खरी गफलत ‘एकोणीस ही सरासरी’ या शब्दांत आहे. फट एकदा बुजली की कायमची बुजते. पंचविशीतल्या माणसाचं मनगट तसंच दिसेल, पन्नाशीतल्याचंही तसंच. तेव्हा पूर्ण झालेल्या मनगटाचं ‘सरासरी वय’ असं काही असतच नाही. संग्रहात एकोणीसचा नमुना शेवटचा आहे तो पुढे दाखवण्यासारखा बदल उरत नाही म्हणून. विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा आहे: मुलग्यांचं मनगट पूर्ण होतं कोणत्या वयाला? लंडनमधले वाढीच्या संख्याशास्त्राचे अभ्यासक टिम कोल यांनी याचं उत्तर दिलं. दुसऱ्या एका, अधिक काटेकोर पद्धतीच्या आधारे त्यांनी सांगितलं की हे सरासरी १७.६ वर्षांना होतं. याचा सरळ अर्थ असा की निम्म्याहून अधिक मुलग्यांची मनगटं अठरा पूर्ण होण्याआधीच प्रौढांसारखी दिसू लागतात.

आता एक काल्पनिक हिशेब करू. समजा, तपासणीला दोनशे जण आले. शंभर जण साडेसतरा वर्षांचे आणि शंभर जण विशीचे. साडेसतरा वर्षांच्या शंभरांपैकी जवळपास निम्म्यांच्या फटी बुजलेल्या असतील, पन्नास धरू. विशीतल्या जवळजवळ सगळ्यांच्या बुजलेल्या असतील, शंभर धरू. एक्स-रे दीडशे जणांना ‘प्रौढ’ म्हणेल आणि त्यातले पन्नास जण, म्हणजे दर तिघांत एक, अल्पवयीन असतील. विशीतली माणसं शंभरऐवजी पन्नासच आली, तर शंभर ‘प्रौढां’त पन्नास मुलं निघतील. फोटो तेच, डॉक्टर तोच, पण चुकीचं प्रमाण बदललं. याचं कारण रांगेत कोण उभं आहे हे फोटोला कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय फोटोवरून टक्केवारी सांगता येत नाही. ‘अमुक टक्के शक्यता’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या तज्ज्ञाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

त्या पोरावर पश्चिम ऑस्ट्रेलियात प्रौढ म्हणून खटला चालला, २०१० च्या अखेरीस तो दोषी ठरला आणि पाच वर्षांची शिक्षा होऊन प्रौढांच्या कडेकोट तुरुंगात गेला. त्याच्या जन्माचा दाखला इंडोनेशियातून आलेला होता. तो खटल्यात कोर्टापुढे आलाच नाही. दाखल्याप्रमाणे त्याचा जन्म १९९६ चा होता आणि बोट पकडली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तेरा आणि अठरा यांत पाच वर्षांचं अंतर आहे. एखाद्या मुलाची वाढ लवकर होणं ही रोजची गोष्ट आहे, आणि नेमक्या अशाच मुलावर ही पद्धत सर्वांत जोरात आदळते. मे २०१२ मध्ये त्याला सोडलं, २०१७ मध्ये अपील कोर्टाने दोषसिद्धी रद्द केली. तोवर तो वीस ओलांडून गेला होता.

तो एकटा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा कॅथरिन ब्रॅन्सन यांनी चौकशी करून जुलै २०१२ मध्ये अहवाल दिला. २००८ च्या अखेरीपासून २०११ च्या अखेरीपर्यंत आपण अल्पवयीन आहोत असं सांगणारे एकशे ऐंशी इंडोनेशियन बोटींवरून आले होते. अहवालात सर्वांत बोचणारी गोष्ट ही आहे की मनगटाच्या फोटोबद्दलच्या शंका पोलीस आणि सरकारी वकिलांच्या कानावर आल्यानंतरही फोटो वापरात राहिला. मला तरी यात दुष्टपणापेक्षा सरकारी सवय जास्त दिसते. फोटोतून आकडा निघतो आणि आकडा फाइलला लावता येतो. इंडोनेशियातल्या एखाद्या बेटावर जाऊन आईला आणि शाळेच्या मास्तरांना विचारणं हे काम कष्टाचं होतं आणि त्यातून गोळीबंद आकडा मिळण्याची हमी नव्हती. पुढे या मुलांच्या वतीने सामूहिक दावा उभा राहिला आणि ऑस्ट्रेलिया सरकारने २ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

मग मनगट सोडून दुसरं हाड पाहावं का? पाहतात. अक्कलदाढेची मुळं, गुडघा, आणि विशेषतः गळ्याखालचं आडवं हाड, ज्याला आपण इंग्रजीच नावाने कॉलरबोन म्हणतो. या हाडाचं छातीकडचं टोक शरीरात जवळजवळ सगळ्यांत उशिरा, विशीत, पूर्ण होतं. त्यामुळे ते पूर्ण सांधलेलं दिसलं तर माणूस प्रौढ असल्याचा तो बळकट पुरावा ठरतो. जर्मनीतले न्यायवैद्यक तज्ज्ञ याच दिशेने विचार करतात. सरासरी वय सांगण्याऐवजी, हाडाची ही अवस्था असलेला सर्वांत लहान माणूस आजवर किती वर्षांचा सापडला आहे, ते पाहतात. मुलाच्या दृष्टीने ही पद्धत पुष्कळ बरी. पण ती एकाच दिशेने बोलते. कॉलरबोन अर्धवट असेल तर माणूस सोळाचाही असू शकतो आणि एकोणीसचाही. आणि सरहद्दीवरचे बहुतेक वाद नेमके सोळा ते वीस या पट्ट्यातलेच असतात. स्वीडनने २०१७ पासून गुडघ्याचा एमआरआय आणि अक्कलदाढेचा एक्स-रे अशी जोडी वापरली. पेटर मोस्टाड आणि फ्रेडरिक टॅमसेन या दोन अभ्यासकांनी त्या पद्धतीचं गणित तपासलं. त्यांच्या अंदाजाने तपासलेल्या अल्पवयीन मुलग्यांपैकी सुमारे ३३ टक्के प्रौढ ठरले असते, आणि प्रौढांपैकी सुमारे ७ टक्के अल्पवयीन. या दोन आकड्यांतली तफावत लक्षात ठेवावी. चुका दोन्ही बाजूंना होतात, पण सारख्या होत नाहीत. रेघ कुठे ओढायची हे माणूस ठरवतो, आणि तिथेच तो कोणावर चूक ढकलायची हेही ठरवत असतो.

आता यंत्र बाजूला ठेवू आणि डोळ्यांकडे वळू, कारण जगात आजही बहुतेक ठिकाणी पहिला निर्णय डोळेच करतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डोव्हर बंदर आहे. फ्रान्सहून खाडी ओलांडून रबरी बोटींतून येणाऱ्यांना तिथे उतरवतात. जो ‘मी सतराचा’ म्हणतो आणि ज्याच्याजवळ कागद नाही, त्याच्याबद्दल नियम असा आहे: दोन अधिकाऱ्यांनी स्वतंत्रपणे पाहावं, त्यातला एक वरच्या दर्जाचा असावा. रूप आणि वागणं पाहून तो अठरापेक्षा ‘बराच मोठा’ आहे असं दोघांनाही अगदी ठामपणे वाटलं, तरच त्याला प्रौढ धरावं. शंका असेल तर मूल धरून पुढे पाठवावं. २०१९ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की एवढ्याने मुलांचं संरक्षण होत नाही. त्यावर सरकारने काही काळ पट्टी पंचवीस वर्षांवर नेली, म्हणजे पंचविशीपलीकडचा वाटला तरच प्रौढ. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनाच नियम कायदेशीर ठरवला आणि ‘अठरापेक्षा बराच मोठा’ हीच कसोटी राहिली.

कागदावर नियम वाईट नाही. पण तो कुठे वापरला जातो ते पाहा. पोरगा रात्रभर समुद्रात होता, ओला आहे, कित्येक दिवसांचा जागा आहे. उन्हातान्हात महिनोन् महिने चालून कातडी रापलेली, गाल बसलेले, ओठावर मिसरूड. प्रश्न विचारणाऱ्याकडे तो थेट पाहत नाही, कारण त्याच्या गावात मोठ्यांच्या नजरेला नजर देणं उद्धटपणाचं मानतात. किंवा उलट, तो धीटपणे बोलतो, कारण वर्षभर कोणाच्या आधाराशिवाय राहिल्यावर माणूस धीट होतोच. पहिल्याला ‘काहीतरी लपवतोय’ म्हणता येतं आणि दुसऱ्याला ‘एवढा धीट म्हणजे मोठाच असणार’. वागण्यावरून वय काढण्यातली ही अडचण आहे: कसंही वागलं तरी ते विरुद्ध लावता येतं.

तारखांचा घोळ आणखी वेगळा. अफगाणिस्तानात सौर हिजरी वर्ष चालत आलेलं आहे. मुलगा सांगतो, माझा जन्म १३८६ सालचा. बस, एवढंच त्याला आईने सांगितलेलं आहे, महिना माहीत नाही. आपल्याकडे कोणी ‘शके १९२९’ म्हणावं तसंच हे, आणि योगायोगाने वर्षही तेच. ते २१ मार्च २००७ ला सुरू होऊन मार्च २००८ मध्ये संपलं. म्हणजे हा मुलगा मार्च २०२५ ते मार्च २०२६ या काळात केव्हातरी अठराचा होणार. तो सप्टेंबर २०२५ मध्ये उतरला, तर मूल की प्रौढ याचं उत्तर त्याच्या स्वतःच्या खऱ्या सांगण्यातूनही निघत नाही. अधिकाऱ्याने सोयीसाठी १ जानेवारी लिहिलं, तर कोणत्या सालची जानेवारी, यावर त्याचं सगळं पुढचं आयुष्य लटकतं. २००७ ची लिहिली तर तो मुलाने सांगितलेलं वर्ष सुरू होण्याआधीच जन्मला, असं ठरतं. इथिओपियाच्या मुलांचं पंचांग आपल्या इंग्रजी कॅलेंडरपेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं आणि वर्षात तेरा महिने असतात. एका ठिकाणी एक तारीख आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळी, असं दिसलं की फाइलवर शेरा पडतो: विसंगत माहिती. विसंगती अनेकदा टेलिफोनवरच्या दुभाष्याने केलेल्या बेरीज-वजाबाकीची असते.

डोव्हरच्या पुढची पायरी खूपच चांगली आहे. २००३ सालच्या मर्टन खटल्यात न्यायालयाने सांगितलं की वय नुसतं पाहून ठरवू नये. पूर्ण तपासणीत अनुभवी सोशल वर्कर मुलाशी सावकाश बोलतात. घर कसं होतं, भावंडांत कितवा, शाळेत कधी घातलं, शाळा सुटली तेव्हा गावात काय चाललं होतं, प्रवासात कुठे किती राहिला. मुलाच्या बाजूने एक स्वतंत्र प्रौढ व्यक्ती सोबत बसते. निर्णय विरुद्ध जाणार असेल तर कारणं आधी त्याला सांगून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. आणि २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वय ही वस्तुस्थिती आहे, मत नव्हे. म्हणून वाद झाला तर कोर्ट स्वतः वय ठरवेल. पण या पायरीपर्यंत पोहोचायला आधी बंदरावरच्या दोघांनी दार उघडं ठेवायला हवं. ज्याला त्यांनी मोठा ठरवलं तो प्रौढांच्या हॉटेलात किंवा कोठडीत अनोळखी पुरुषांसोबत राहतो. तिथून त्याची गाठ एखाद्या स्वयंसेवी संस्थेशी पडली, तरच प्रकरण पुन्हा निघतं. हेलन बॅम्बर फाउंडेशन आणि दोन सहकारी संस्थांनी स्थानिक पालिकांकडून माहिती मागवली, तेव्हा जानेवारी २०२२ ते जून २०२३ या दीड वर्षात किमान तेराशे मुलं आधी चुकीने प्रौढ ठरली होती असं निघालं.

दुसऱ्या बाजूचीही एक खरी घटना आहे आणि ती टाळून हे प्रकरण प्रामाणिक होणार नाही. २०१९ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये आलेल्या एका अफगाण माणसाने आपलं वय चौदा सांगितलं. त्याला मूल मानून शाळेत घातलं गेलं. मार्च २०२२ मध्ये त्याने बोर्नमथ शहरात एका एकवीस वर्षांच्या तरुणाचा भोसकून खून केला. तो मुळीच चौदाचा नव्हता, असं न्यायालयाने ठरवलं. त्याने त्याआधी सर्बियात दोन खून केले होते हेही उघड झालं. ज्या पालकांची मुलं त्या वर्गात होती त्यांची भीती कोणी हसण्यावारी नेऊ नये. अशी प्रकरणं वर्तमानपत्रांत मोठ्या मथळ्यात येतात, तुरुंगातली तेरा वर्षांची पोरं येत नाहीत. पण मथळ्याचा आकार हा काही पुरावा नव्हे. त्या घटनेत हेही दिसतं की धोका वयाचा नव्हता, त्याच्या पूर्वीच्या गुन्ह्यांची माहिती एका देशातून दुसऱ्या देशात गेली नाही याचा होता.

ब्रिटनचा एक्स-रेशी जुना संबंध आहे आणि तो थेट आपल्या उपखंडाशी. १९७० च्या दशकात भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून आई-वडिलांकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांचे हाडांचे फोटो वयाची खात्री करायला काढले जात. डॉक्टरांकडून टीका झाली, संसदेत प्रश्न निघाले आणि १९८२ मध्ये ती प्रथा बंद झाली. चाळीस वर्षांनी, २०२२ च्या कायद्याने ते दार पुन्हा उघडलं. २०२४ च्या नियमांत दात, मनगट, गुडघा आणि कॉलरबोन अशी यादी आहे. तपासणीला सबळ कारणाशिवाय नकार दिला, तर तो नकार मुलाच्या विश्वासार्हतेविरुद्ध धरता येतो. ज्या समितीच्या सल्ल्यावर हे उभं आहे तिने मात्र स्पष्ट सांगितलं होतं की या चाचण्यांतून नेमकं वय निघत नाही, सांगितलेलं वय शक्य आहे का, एवढंच तपासता येतं.

भारतातला नियम इथे ठेवून पाहण्यासारखा आहे. तो सरहद्दीसाठी नाही, गुन्ह्यात अडकलेल्या किंवा निराधार सापडलेल्या मुलांसाठी आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र पाहायचं. ते नसेल तर महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल तरच हाडांची चाचणी. आपल्याकडे मास्तरांनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहिलेल्या पिढ्या आहेत, तेव्हा कागद म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे हे खरं. पण क्रम योग्य आहे. आणि जयमाला खटल्यात १९८२ मध्येच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की हाडांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते.

ही दोन वर्षं कोणाच्या खात्यात घालायची, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि माझं मत मुलाच्या खात्यात घालावीत असं आहे. यामागे दया नाही, चूक सापडण्याची सोय आहे. मुलांच्या वसतिगृहात चुकून आलेला बावीस वर्षांचा माणूस रोज सोशल वर्करच्या, शिक्षकांच्या, इतर मुलांच्या नजरेसमोर असतो. दोन-तीन आठवड्यांत शंका वर येते आणि पूर्ण तपासणी करून त्याला हलवता येतं. तोवर त्याला वेगळी खोली आणि कडक देखरेख देता येते. प्रौढांच्या कोठडीत गेलेल्या पंधरा वर्षांच्या पोराकडे त्या नजरेने पाहणारं तिथे कोणीच नसतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात तो दाखला सरकारच्याच हाती असूनही चूक दुरुस्त व्हायला सात वर्षं लागली.